पुण्याचं माप, म्युनिकची कात्री

उंची १४॥, छाती ३४, कंबर २८, शोल्डर १४, मुंढा १६, पुढचा गळा ७, मागचा ८॥, पॉइंट ९॥, बाही ६, घेर ११. पुण्यातल्या एका टेलरकाकांच्या वहीत माझ्या भाचीच्या ब्लाउजचं माप असं दोन ओळींत मावतं. काकांना एवढं पुरतं, कारण टेप कुठून धरला, किती सैल ठेवायचं, टक्स किती घालायचे हे सगळं त्यांच्या हाताला ठाऊक असतं. भाची म्युनिकला राहते. तिच्या पैठणीचा ब्लाउजपीस शिवायचा राहून गेला होता आणि तिथल्या एका शिवणारीने तो शिवून द्यायचं कबूल केलं. तिची अट एकच होती, माप जर्मनमध्ये आणि सेंटिमीटरमध्ये हवं. ते उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

पहिली अडचण आकड्यांच्या अक्षरांचीच. देवनागरी एक परक्या डोळ्यांना इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि चार थेट आठसारखा. म्हणजे १४ हे ९८ वाचलं जाऊ शकतं. त्यापुढचे दोन दंड म्हणजे अर्धा, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना सांगावं लागत नाही, पण तिकडे ते दोन एक वाटतील. एक दंड पाव, तीन दंड पाऊण. काही कारागीर दंडांऐवजी टिंब देऊन सूत लिहितात. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, त्यामुळे १४.४ याचा अर्थ त्यांच्या लेखी चौदा इंच चार सूत, म्हणजेच साडेचौदा. यंत्रावर तो आकडा तसाच टाकला तर चौदा पूर्णांक चार दशांश धरला जाईल. म्हणून वहीचा फोटो कधीच पाठवू नये. लिहिणाऱ्याला एकेक आकडा मोठ्याने वाचायला सांगावा, ‘साडेचौदा’, ‘सव्वानऊ’ असा, आणि तो ऐकून नव्याने लिहावा.

इंचाचे सेंटिमीटर करणं त्यामानाने सोपं आहे. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन आणि इतर काही देशांनी यार्डाची लांबी मीटरमध्ये पक्की केली, तेव्हापासून एक इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटिमीटर. घाईत लोक अडीचने गुणतात. ३४ छातीला अडीचने गुणलं तर ८५ येतात, खरं उत्तर ८६.४ आहे. जवळजवळ दीड सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त कापड कमी झालं. सैल कुर्त्यात ते खपून जाईल, ब्लाउजमध्ये हूक लागणार नाहीत. दुसरा धोका मधल्या टप्प्यावर आकडा गोल करण्याचा. कटिंगला छातीचा चौथा भाग लागतो, तो इथे साडेआठ इंच, म्हणजे २१.६ सेंटिमीटर. ‘बावीस धरू’ असं कुणी म्हटलं की चार पट होऊन ८८ होतात. म्हणून मिलिमीटरपर्यंतचा आकडा तसाच द्यावा. गोल करायचा तर तो कापणाऱ्याने, खडू हातात असताना.

टेप उलटा करून दुसऱ्या बाजूचा आकडा वाचणं हाही लोकांचा आवडता उपाय. त्यात टेपवर विसंबावं लागतं. ६० इंच म्हणजे खरं तर १५२.४ सेंटिमीटर, पण बाजारात एका बाजूला ६० आणि दुसऱ्या बाजूला १५० असे टेप सर्रास मिळतात. शिवाय वापरून वापरून टेप ताणला जातो. दहा इंचांच्या मागे साडेपंचवीसच्या किंचित अलीकडे खूण येते का, एवढं तरी पाहावं.

माझा खरा वेळ गेला तो नावांवर, कारण शिवणकामात मापाचं नाव म्हणजे दोन ठिकाणांचा पत्ता असतो. टेप कुठून निघाला आणि कुठे थांबला, हे त्या नावात दडलेलं असतं, आणि ते गावागावाला बदलतं.

‘शोल्डर १४’ घ्या. आपल्याकडे शोल्डर म्हणजे पाठीवरून एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंत, ३५.६ सेंटिमीटर. जर्मन कटिंगमध्ये ‘शुल्टरब्रायटं’ असा शब्द आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ खांद्याची रुंदी. शब्दकोश उघडून कुणीही तोच लिहील. पण तिथल्या कारागिरांच्या लेखी ते माप एकाच खांद्याचं, मानेपासून टोकापर्यंतचं, साधारण बारा सेंटिमीटरचं. ३५.६ वाचून शिवणारी चमकेल आणि बहुधा समजेल की ही पाठीची रुंदी असावी. ती मात्र दोन मुंढ्यांच्या मधली घेतात आणि या बांध्याला दोन-तीन सेंटिमीटर कमी भरते. परिणाम असा की पाठ ढगळ होईल आणि बाहीची शिलाई दंडावर उतरेल. मी तिथे नावच दिलं नाही. ‘पाठीवरून, खांद्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत’ एवढं लिहिलं.

कंबरेचं प्रकरण याहून गमतीचं नाही, गंभीर आहे. मी काकांना फोन करून विचारलं, “काका, अठ्ठावीस कंबर कुठे धरलीत?” ते म्हणाले, “ताई, ब्लाउज संपतो तिथेच की. साडीची कंबर आपल्याला काय करायची?” हाच सगळा मुद्दा आहे. ब्लाउजची कंबर म्हणजे बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, खांद्यापासून साडेचौदा इंचांवर घेतलेला घेर. जर्मनमधली ‘ताल्ये’ म्हणजे अंगाची खरी कंबर, सगळ्यात बारीक जागा, आणि ती आणखी काही सेंटिमीटर खाली असते. ७१.१ हा आकडा त्या नावाखाली गेला की शिवणारी तो घेर खाली धरेल, तिथपर्यंत कापड हळूहळू निमुळतं करेल आणि ब्लाउज त्याआधीच संपेल. मग खालचा काठ अंगाला न चिकटता बाहेर उभा राहील. नऊवारी असो की पाचवारी, काठाखाली बोट जातंय असा ब्लाउज कुणालाही चालत नाही.

गळ्याचा धोका सगळ्यात मोठा, कारण तो कापल्यावर परत येत नाही. काकांचा सात इंच गळा मानेजवळच्या खांद्याच्या शिलाईपासून सरळ खाली मोजलेला आहे, १७.८ सेंटिमीटर. तेच अंतर कुणी गळ्याच्या खळीपासून मोजलं तर गळा सहा-सात सेंटिमीटर जास्त खोल जाईल. उंचीचंही तसंच. आपली उंची खांद्यावरून, पुढून, छातीच्या उंचवट्यावरून खाली येते. पाठीच्या मणक्यावरून मोजायची सवय असलेल्या माणसाला ३६.८ हा आकडा भलतंच सांगेल. म्हणून प्रत्येक ओळीत ‘कुठून’ आणि ‘कुठपर्यंत’ असे दोन रकाने केले आणि शेजारी पुढची व मागची बाजू रेखाटून बाण काढले. रेखाटन साधं असलं तरी चालतं. बाणाचं टोक चुकीच्या जागी नको, एवढंच जपायचं.

मुंढा मात्र एका शब्दात सुटला. ‘आर्मलोख’ म्हणजे बाही जोडायची पोकळी. फक्त सोळा हा पूर्ण घेर आहे, खोली नाही, हे शेजारी लिहावं लागलं, कारण बऱ्याच परदेशी पद्धतींत मुंढ्याची खोली धरून कापतात. टक्ससाठी ‘आपनेअर’ हा त्यांचा रोजचा शब्द आहे. ‘ब्लूझं’ हा शब्द मात्र मी कटाक्षाने टाळला. तो लिहिला की त्यांच्या डोळ्यांपुढे कॉलरचा, सैलसर शर्ट उभा राहतो आणि त्या हिशेबाने कापड सोडलं जातं. ‘साडीखाली घालायची, बरगड्यांशी संपणारी, अंगासरशी बसणारी, अस्तर लावलेली चोळी’ असं पहिल्याच ओळीत लिहिलं. हूक पुढे हवेत हेही तिथेच.

आणि इतकं करूनही एक प्रश्न उरतो, ज्याचं उत्तर वहीत कधीच नसतं. ही ३४ छाती अंगाची की तयार ब्लाउजची? अंगाची असेल तर शिवणारी त्यात सैलपणा मिळवेल. तयार ब्लाउजची असेल आणि तरीही तिने मिळवला तर दुहेरी सैल होईल. हे ओळखायला मापाचा ब्लाउज लागतो. भाचीने काकांनीच शिवलेला एक जुना ब्लाउज हूक लावून टेबलावर सपाट पसरला आणि काखेच्या जरा खाली या शिलाईपासून त्या शिलाईपर्यंत मोजलं. पावणेअठरा इंच. दुप्पट केले की साडेपस्तीस. म्हणजे ३४ हे अंगाचं माप, आणि काकांनी दीड इंच लूज सोडलेलं. कागदावर दोन्ही आकडे गेले: अंगाचं ८६.४, तयार ९०.२. सपाट मोजताना ब्लाउज ओढायचा नाही आणि टक्समुळे वर आलेला भाग हाताने दाबायचा नाही, नाहीतर आकडा फुगतो.

त्याच ब्लाउजची बाजूची शिलाई उलटून पाहिली तर आत दीड इंच माया. पुढे वजन वाढलं तर उसवून घेता यावं म्हणून आपल्याकडे एवढी ठेवतात. युरोपात एक-दीड सेंटिमीटर ठेवून बाकीचं छाटून टाकण्याची रीत आहे, म्हणून ‘दोन्ही बाजूंना आत ३,८ ठेवावे, छाटू नये’ अशी ओळ घातली. तिथे दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात, तेव्हा कागदावरचे सगळे आकडे तसेच लिहिले.

शिवणारीने माझ्या कागदावर पैठणी कापली नाही, आणि तेच योग्य होतं. तिने आधी मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज घातला, फक्त टाके मारून. शोल्डर बसला, काठ अंगाला धरून राहिला, गळा जिथे हवा तिथे आला. पॉइंट मात्र चुकला. खांद्यापासून २४.१ वर यायला हवं ते टक्सचं टोक छातीच्या उंचवट्याच्या किंचित खाली पडलं आणि त्याच्या वर कापडाची छोटी पिशवी तयार झाली. आकडा बरोबर होता. शिवणारीने टक्स थेट त्या बिंदूपर्यंत न नेता दीड सेंटिमीटर अलीकडे थांबवला होता, तिच्या पद्धतीत तसंच करतात. काका टोक जवळजवळ बिंदूवर नेतात. भाचीने आरशासमोर उंचवट्यावर टाचणी लावून दाखवली, शिवणारीने टोक एक सेंटिमीटर वर घेतलं आणि पिशवी गेली. कागदावर पॉइंटच्या ओळीखाली आता आणखी एक आकडा आहे, टक्सचं टोक बिंदूपासून ०,५ वर, आणि त्यानंतरच पैठणीचा काठ बाहीच्या घेराला लावून कापड टेबलावर आलं.