छातीच्या एक्स-रेवर पाणी, कन्सॉलिडेशन आणि हवा कशी ओळखावी?

छातीच्या एक्स-रेमध्ये हवा काळी दिसते, पाणी, रक्त, पू आणि मांसल भाग पांढरट दिसतात, तर हाड त्याहून पांढरे दिसते. निरोगी फुप्फुसात मुख्यतः हवा असल्यामुळे ते काळसर दिसते. त्यात रक्तवाहिन्यांच्या बारीक पांढऱ्या रेषा फाटे फुटत, निमुळत्या होत कडेकडे जातात. फुप्फुसाभोवती दोन पापुद्र्यांचे आवरण असते. एक पापुद्रा फुप्फुसाला आणि दुसरा छातीच्या भिंतीला आतून चिकटलेला असतो. दोहोंमधल्या अरुंद फटीत एरवी जेमतेम ओलावा असतो.

या फटीत पाणी साठले की ते प्लुरल इफ्युजन आणि हवा शिरली की न्यूमोथोरॅक्स. कन्सॉलिडेशनमध्ये बिघाड फटीत नसून फुप्फुसाच्या आत असतो. तिथल्या वायुकोशांतली हवा जाऊन त्यांत पू, पाणी किंवा रक्त भरते. न्यूमोनिया हे त्याचे नेहमीचे कारण आहे. बिघाड फुप्फुसात आहे की फुप्फुसाबाहेर, आणि तिथे हवा आहे की द्रव, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तिन्हींतला फरक ठरतो.

फिल्म हातात घेतल्यावर नाव, तारीख आणि उजव्या-डाव्या बाजूची खूण पाहावी. रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. एक्स-रे उभ्याने किंवा बसवून काढला की झोपवून, हेही तेव्हाच कळायला हवे. पाणी खाली उतरते आणि हवा वर चढते, म्हणून रुग्णाची स्थिती बदलली की चित्रही बदलते.

इफ्युजनची पहिली खूण बरगड्या आणि श्वासपटल यांच्यामधल्या कोपऱ्यात सापडते. निरोगी छातीत हा कोपरा टोकदार असतो. उभ्या रुग्णाच्या समोरून पाहिलेल्या एक्स-रेमध्ये तो बोथट दिसायला साधारण २०० मिलिलिटर पाणी साठावे लागते. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये मागचा कोपरा याहून बऱ्याच कमी पाण्यानेही भरलेला दिसतो. पाणी वाढले की श्वासपटलाची कड पुसली जाते आणि खालच्या भागात एकसारखा पांढरेपणा येतो. त्याची वरची कड आडवी सपाट नसते, ती बाहेरच्या बाजूला उंच चढते आणि मध्ये खोलगट राहते. पाणी फुप्फुसाला चहूकडून वेढते आणि बाहेरच्या कडेला किरणांना पाण्याच्या अधिक जाड थरातून जावे लागते, म्हणून ती बाजू उंच दिसते. पाणी खूप साठले तर श्वासनलिका आणि हृदय विरुद्ध बाजूला ढकलले जातात.

कन्सॉलिडेशनचा पांढरेपणा ढगाळ आणि बहुधा पुसट कडांचा असतो. दोन खंडांमधल्या फटीला तो जिथे टेकतो, तिथे मात्र त्याची कड रेषेसारखी सरळ येते. वायुकोश भरले तरी श्वासनलिकेच्या शाखांमध्ये अनेकदा हवा राहते. त्यामुळे धुक्यातून झाडाच्या काळ्या फांद्या दिसाव्यात तशा पांढऱ्या भागात काळ्या रेषा उमटतात. त्यांना एअर ब्रॉन्कोग्रॅम म्हणतात. त्या दिसल्या की बिघाड फुप्फुसातच आहे, हे जवळपास नक्की होते. हवेची जागा द्रवाने घेतलेली असल्याने फुप्फुसाचा आकार फारसा बदलत नाही आणि श्वासनलिका मध्यावरच राहते. कोणती कड पुसली गेली यावरून जागाही कळते. हृदयाची उजवी कड नाहीशी झाली तर उजव्या फुप्फुसाचा मधला खंड भरलेला असतो. ती स्पष्ट राहून श्वासपटलाची कड गेली तर खालचा खंड.

न्यूमोथोरॅक्समध्ये फुप्फुस छातीच्या भिंतीपासून सुटते आणि त्याच्यावरचा पापुद्रा बारीक पांढऱ्या रेषेसारखा दिसू लागतो. या रेषेच्या बाहेर रक्तवाहिन्यांची एकही खूण नसते. उभ्या रुग्णात हवा वर चढत असल्यामुळे शोध गळपट्टीच्या हाडाजवळून, फुप्फुसाच्या टोकापासून सुरू करावा. कातडीची घडी किंवा खांद्याच्या पात्याची कड इथे फसवू शकते. अशा वेळी संशयित रेषेच्या बाहेर रक्तवाहिन्या दिसतात का ते पाहावे. दिसल्या तर तिथे फुप्फुस आहे.

हे तिन्ही बदल एकाच रुग्णात एकामागून एक येऊ शकतात. समजा, पंचेचाळीस वर्षांचा एक रुग्ण चार दिवसांचा ताप, खोकला आणि उजव्या कुशीतले दुखणे घेऊन दाखल झाला. बसवून काढलेल्या पहिल्या एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली ढगाळ पांढरेपणा आहे, त्यात काळ्या रेषा आहेत, श्वासपटलाची कड पुसट आहे, हृदयाची उजवी कड स्वच्छ आहे आणि श्वासनलिका मध्यावर आहे. हे उजव्या खालच्या खंडाचे कन्सॉलिडेशन आहे.

प्रतिजैविके सुरू होऊनही पाचव्या दिवशी ताप उतरलेला नाही आणि धाप वाढली आहे. नव्या एक्स-रेमध्ये पांढरेपणा एकसारखा झाला आहे, काळ्या रेषा झाकल्या गेल्या आहेत, वरची कड बाहेरच्या बाजूला उंच चढली आहे आणि श्वासनलिका किंचित डावीकडे सरकली आहे. न्यूमोनियाशेजारी पाणी साठले आहे. तपासताना पहिल्या दिवशी त्या जागी श्वासाचा आवाज कर्कश आणि मोठा होता, आता तो जवळजवळ ऐकूच येत नाही आणि बोटांनी ठोकल्यावर दगडासारखा बद्द आवाज येतो. सोनोग्राफीने पाण्याची खात्री होते आणि ते सुईने काढले जाते.

त्यानंतर रुग्णाला पुन्हा धाप लागते. बसवून काढलेल्या एक्स-रेमध्ये उरलेल्या पाण्याची कड आता सरळ आडवी आहे. तिच्यावर काळा भाग आहे आणि त्याच्या आतल्या बाजूने पापुद्र्याची बारीक रेषा दिसते. फटीत पाण्यासोबत हवा शिरली की अशी सपाट पातळी तयार होते. हवा किती आहे आणि रुग्णाला त्रास किती आहे, हे पाहून छातीत नळी घालण्याचा निर्णय होतो.

हाच रुग्ण आडवा असता तर यातल्या बऱ्याच खुणा हरवल्या असत्या. झोपलेल्या रुग्णात पाणी पाठीकडे पसरते, त्यामुळे त्या बाजूवर फिकट पडदा आल्यासारखे वाटते आणि त्यातून रक्तवाहिन्या दिसत राहतात. हवा पुढे आणि खाली जमते, म्हणून बरगड्यांजवळचा कोपरा नेहमीपेक्षा खोल आणि काळा दिसतो. अतिदक्षता विभागातले पोर्टेबल एक्स-रे वाचताना ही शक्यता मनात ठेवावी लागते.

एक पूर्ण बाजू पांढरी दिसली तर श्वासनलिकेची जागा सर्वांत उपयोगी पडते. ती पांढऱ्या बाजूपासून दूर ढकललेली असेल तर मोठे इफ्युजन असण्याची शक्यता जास्त असते. पांढऱ्या बाजूकडे ओढलेली असेल तर फुप्फुस आकसले आहे; शाखेत अडकलेला कफाचा गोळा किंवा फार आत गेलेली श्वासनळी हे त्याचे कारण असू शकते.

न्यूमोथोरॅक्समध्ये हवेचा दाब वाढत गेला तर हृदय आणि श्वासनलिका विरुद्ध बाजूला ढकलली जातात आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडते. अचानक वाढलेली धाप, उतरणारा रक्तदाब, वाढलेली नाडी आणि एका बाजूला न ऐकू येणारा श्वास ही त्याची लक्षणे आहेत. यात एक्स-रेची वाट पाहायची नसते. परिचारिकेने ताबडतोब डॉक्टरांना बोलावावे, ऑक्सिजन सुरू करावा आणि सुई व छातीच्या नळीचे साहित्य तयार ठेवावे.