श्रोते मध्येच का निघून जातात? रेकॉर्डिंगआधी पॉडकास्टचा आराखडा असा तपासा

जालना : समजा, जालना तालुक्यातल्या कडवंची गावावर तुम्हाला 25 मिनिटांचा पॉडकास्ट एपिसोड करायचा आहे. कागदावरचा आराखडा असा आहे : जालन्याचा इतिहास 5 मिनिटं, पाणलोट योजनेची माहिती 7, शेतकऱ्याची मुलाखत 8 आणि शेवटी दुष्काळात तगलेल्या द्राक्षबागा 5 मिनिटं. माहिती चांगली आहे, पण खरी गोष्ट विसाव्या मिनिटाला सुरू होते. तोवर किती जण थांबतील?

श्रोत्याला नेमकं काय मिळणार?

'कडवंचीची यशोगाथा' हे फक्त नाव झालं. एपिसोड संपल्यावर श्रोता कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल, ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, '2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जळत होत्या, मग कडवंचीची द्राक्षं कशी वाचली?' हे वाक्य पहिल्याच मिनिटात यायला हवं. असं वाक्य लिहिताच येत नसेल, तर विषय अजून ठरलेला नाही असं समजा.

क्रम कसा लावायचा?

आता प्रत्येक भागाने या प्रश्नाचं थोडं थोडं उत्तर द्यायला हवं. आधी दुष्काळातलं दृश्य. मग 1996 च्या सुमारास सुरू झालेलं पाणलोटाचं काम, म्हणजे चर आणि बांध घालून पाणी शिवारातच अडवणं. त्यानंतर शेततळ्यांतला साठा आणि ठिबकने मोजून दिलेलं पाणी. शेवटी मर्यादा : विहिरीचं पाणी उपसून शेततळं भरलं, तर जमिनीखालचा साठा घटतो. शेतकऱ्याची मुलाखत एकत्र आठ मिनिटं न ठेवता या टप्प्यांमध्ये वाटून टाका.

फाटा कसा ओळखायचा?

'जालना सोने का पालना' ही म्हण आणि 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवणारे बियाणे उद्योजक बद्रीनारायण बारवाले यांची गोष्ट, दोन्ही सांगायचा मोह होतोच. अशा वेळी तो भाग झाकून पुढचा वाचा. पुढचं तरीही समजलं, तर तो फाटा आहे. बारवाले यांच्यावर वेगळा एपिसोड करा. 'पाणलोट म्हणजे काय' हे 40 सेकंदांचं स्पष्टीकरण मात्र ठेवा, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चूक झाली हे कसं कळेल?

एपिसोड प्रसिद्ध झाल्यावर यूट्यूब किंवा स्पॉटिफायवर श्रोते कुठे गळाले, याचा आलेख निर्मात्याला दिसतो. तो हळूहळू उतरत असेल, तर काळजी नको, तसं सगळ्यांचंच होतं. सुरुवातीलाच मोठी घसरण असेल, तर पहिलं मिनिट तपासा. मध्येच कडा कोसळल्यासारखी रेघ दिसली, तर त्या मिनिटाला आराखड्यात काय होतं ते बघा. बऱ्याचदा तिथे फाटाच सापडतो.