दोन रिंगांचं काम

पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. वर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर आहे, पण पहाटे चढणाऱ्यांतले सगळेच काही देवासाठी येत नाहीत. कुणी साखर आटोक्यात ठेवायला येतं, कुणी घरातल्या शांततेला कंटाळून. रोज येणारे एकमेकांना नावापेक्षा वेळेनं ओळखतात. साडेपाचवाले, पावणेसहावाले, सहावाले.

पावणेसहावाल्यांच्या नऊ जणांतल्या एक काकू आता मुलीकडे बंगळुरूला, जयनगरला राहायला निघाल्या. वय ७१, पर्वतीची सवय चौदा वर्षांची. निरोप कसा द्यायचा याचा विचार सुरू झाला तेव्हा आधी शाल, श्रीफळ आणि दोनशे रुपये वर्गणी असंच ठरत होतं. पण काकूंचं सामान आधीच ट्रान्सपोर्टनं रवाना झालं होतं आणि हाताशी दोनच बॅगा उरल्या होत्या. भेटवस्तू ठेवायची कुठे, इथून विषय निघाला आणि काकू रोज नेमकं काय काय करत होत्या, इथवर येऊन पोचला.

त्यातलं सर्वांत मोठं काम अनेकांना ठाऊकच नव्हतं.

गटातले एक आजोबा, निवृत्त शिक्षक, वय ८२, एकटे राहतात. रोज पहाटे सव्वापाचला ते काकूंना मिस्ड कॉल देत. दोन रिंगा वाजल्या की बंद. त्याचा अर्थ, उठलोय, ठीक आहे. साडेपाचपर्यंत रिंग आली नाही तर काकू स्वतः फोन लावायच्या. उचलला नाही तर शेजाऱ्यांना, कारण दाराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. गेल्या पावसाळ्यात एकदा आजोबांचा फोन रात्रीतून बंद पडला होता. त्या दिवशी शेजारीही गावाला गेलेले. काकू रिक्षा करून थेट दारात जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा आजोबा चहा गाळत होते. त्यानंतर दुसऱ्या एका शेजाऱ्याचा नंबरही काकूंच्या वहीत आला.

ही व्यवस्था काकूंबरोबर गाडीत बसून गेली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. सकाळच्या गटांत असंच होतं. कामं कुणी वाटून दिलेली नसतात, ती हळूहळू एखाद्याच्या अंगवळणी पडतात आणि तो माणूस गेल्यावरच जाणवतात. म्हणून निरोपाच्या आधीचे आठ दिवस हस्तांतराचे ठरले. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी रिंगेचं काम घेतलं. वहीतले दोन्ही नंबर, डॉक्टरांचा नंबर, सकाळची गोळी कोणती, हे सगळं त्यांनी उतरवून घेतलं आणि शेजाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून आले.

निरोपाचा दिवस रविवारचा. वर वारा असतो, लांब भाषणं कुणाला ऐकू जात नाहीत. त्यामुळे प्रत्येकानं एकच प्रसंग सांगायचा, असं ठरलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका बाईंनी सांगितलं, की डॉक्टरांनी जिने चढायला परवानगी दिल्यावर काकू महिनाभर त्यांच्याबरोबर खालच्या दहाच पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर खरा भार उतरताना येतो. म्हणून काकू उतरताना एक पायरी खाली, त्यांच्या पुढे राहायच्या. स्वतःची फेरी त्या महिन्यात त्यांनी सोडूनच दिली होती.

काकूंचे यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले. त्यामुळे ओटी भरायची का, यावर दोघी जणी अडखळल्या. गटातल्या सर्वांत थोरल्या आजी म्हणाल्या, "पोर माहेरून निघालीय, रिकाम्या ओटीनं जाणार नाही." खण, तांदूळ, नारळ, सगळं रीतसर झालं. ही ओटी मंदिराच्या आवारात, सगळ्यांसमोर भरली गेली, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे.

भूगोल शिकवलेल्या आजोबांनी मात्र वेगळीच भेट आणली होती, एक कागद. जयनगरपासून लालबाग जवळ, हे त्यांनी काढून ठेवलं होतं. तिथल्या खडकावर सकाळी माणसं चढतात. पर्वतीचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, लालबागचा सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. "म्हणजे तुम्ही आमच्यापेक्षा थोरल्याकडे चाललात," असं त्यांनी तळाशी लिहिलं होतं. काकूंनी तो कागद पर्समध्ये ठेवला, मग परत काढून वाचला आणि मग त्यांना बोलता येईना. खाली उतरून सगळ्यांनी डब्यातले पोहे खाल्ले.

सोमवारी काकू गेल्या. मंगळवारी सव्वापाच झाले तरी बँकवाल्या काकांचा फोन वाजेना. पाच वीसला त्यांनीच आजोबांना फोन लावला. आजोबांनी उचलला आणि शिक्षकी आवाजात समजावलं, "साडेपाचपर्यंत थांबायचं असतं. वहीत पाहा."