तारापूरच्या भट्टीतली उष्णता

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला चार अणुभट्ट्या आहेत. त्यातल्या पहिल्या दोन 1969 सालच्या. तिसरी आणि चौथी आपल्याच अभियंत्यांनी उभारली, आणि त्या प्रत्येकी 540 मेगावॅट वीज देतात. या नव्या भट्ट्यांत खाणीतून आलेलं युरेनियम शुद्ध करून जसंच्या तसं जळतं. ‘जळतं’ हा केवळ बोलण्याचा शब्द, कारण इथे ना ज्योत असते ना धूर.

या युरेनियमच्या दर हजार अणूंमध्ये सहजी फुटणारे, म्हणजे युरेनियम-235 चे, अणू जेमतेम सात. अशा एखाद्या अणूच्या गाभ्यात न्यूट्रॉन शिरला की गाभा दुभंगतो. दोन तुकडे प्रचंड वेगाने फेकले जातात आणि आजूबाजूच्या अणूंवर आदळून तिथेच थांबतात. त्यांचा तो वेग म्हणजेच आपली उष्णता. सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात, आणि त्यातल्या नेमक्या एकाने पुढचा अणू फोडला तर भट्टी स्थिर चालते.

अडचण अशी की हे नवे न्यूट्रॉन सेकंदाला हजारो किलोमीटर धावतात आणि इतक्या वेगात युरेनियम-235 च्या हाती क्वचितच लागतात. त्यांना मंद करावं लागतं. कॅरमचा स्ट्रायकर कडेवर आपटला तर तसाच परत येतो, पण सोंगटीवर आदळला तर आपला वेग तिला देऊन टाकतो. न्यूट्रॉनचंही तसंच, त्याला साधारण आपल्या वजनाचा अणू भेटावा लागतो. साध्या पाण्यातला हायड्रोजन वजनाने अगदी जोडीचा, पण तो न्यूट्रॉन गिळूनही टाकतो. हजारात सातच कामाचे अणू असताना ही गळती परवडत नाही. म्हणून जड पाणी लागतं. त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा असतो. तो न्यूट्रॉनला मंद करतो आणि गिळत जवळजवळ नाही. निसर्गात असा हायड्रोजन साडेसहा हजारांत एखादा, त्यामुळे तो वेगळा काढणं हा मोठा उद्योग आहे. अलिबागजवळच्या थळला त्याचा कारखाना आहे.

तिसऱ्या भट्टीत आडव्या पडलेल्या मोठ्या टाकीतून 392 नळ्या आरपार जातात. प्रत्येक नळीत अर्धा मीटर लांबीचे इंधनाचे जुडगे एकामागे एक बसवलेले असतात. टाकीतलं जड पाणी न्यूट्रॉन मंद करतं. नळ्यांमधून वाहणारं जड पाणी वेगळं; त्याचं काम उष्णता उचलण्याचं. ते तीनशे अंशांच्या आसपास तापतं, पण प्रचंड दाबाखाली असल्याने उकळत नाही. तिथून ते बाष्पजनित्राच्या बारीक नळ्यांत जातं. त्या नळ्यांच्या बाहेर साधं पाणी असतं, तेच उकळून वाफ होतं. दोन्ही पाणी कधी एकत्र येत नाहीत. नळीला बारीकशी चीर पडली तर जड पाण्यातला किरणोत्सारी ट्रिटियम साध्या पाण्यात उतरतो, आणि त्यावरूनच गळती कळते.

पुढचं कोळशाच्या केंद्रासारखंच. वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्राला फिरवतं, आणि थकलेल्या वाफेचं समुद्राच्या पाण्याने गार करून पुन्हा पाणी केलं जातं. भट्टीतल्या उष्णतेचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी भाग वीज होतो. उरलेला अरबी समुद्रात जातो.

भट्टी थांबवायची तर न्यूट्रॉन गिळणाऱ्या कॅडमियमच्या कांड्या वरून टाकीत सोडतात. काही सेकंदांत साखळी तुटते. पण उष्णता थांबत नाही. फुटलेल्या अणूंचे तुकडे स्वतःच अस्थिर असतात, त्यामुळे बंद केल्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते, आणि ती तास-दिवस हळूहळू ओसरते. अणुवीजकेंद्राची खरी परीक्षा इथे असते, असं मला वाटतं. फुकुशिमाच्या चालू भट्ट्या 2011 च्या भूकंपात नीट बंद पडल्या होत्या. त्सुनामीने डिझेल जनित्रं बुडवली, पाणी फिरवायला वीज उरली नाही, आणि इंधन वितळलं.

आपल्याकडे नरोऱ्यात 31 मार्च 1993 च्या पहाटे असाच प्रसंग आला. ही भट्टी तारापूरच्या तिसरीच्याच जातीची, आकाराने लहान. टर्बाइनची पाती तुटली, जनित्रातला हायड्रोजन पेटला, आगीत केबल जळाल्या आणि केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिलं. भट्टी तत्काळ बंद केली गेली. बाष्पजनित्रं भट्टीपेक्षा उंचावर असल्याने तापलेलं जड पाणी पंपाशिवाय वर चढत राहिलं आणि गार होऊन खाली येत राहिलं. कर्मचाऱ्यांनी अग्निशमनाचे डिझेल पंप सुरू करून त्या बाष्पजनित्रांत साधं पाणी सोडलं. इंधनाला इजा झाली नाही आणि किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्यानंतर टर्बाइनच्या पात्यांची रचना बदलण्यात आली.