एक वर्ष, महागाईचे दोन आकडे

२०२३-२४ या आर्थिक वर्षात भारतात महागाई किती वाढली? ग्राहक किंमत निर्देशांकानुसार सरासरी ५.४ टक्के. त्याच वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे तात्पुरते अंदाज ३१ मे २०२४ रोजी जाहीर झाले. त्यांतून निघणारा किंमतवाढीचा दर मात्र जेमतेम १.३ टक्के होता. दोन्ही आकडे एकाच सांख्यिकी मंत्रालयाचे. मग खरा कोणता? याचे उत्तर शोधायचे तर दोन्ही आकडे कसे तयार होतात, हे आधी पाहायला हवे.

ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे एका ठरलेल्या टोपलीचा हिशेब. त्या वर्षी वापरात असलेली टोपली २०११-१२ च्या कुटुंबखर्च पाहणीवरून भरलेली होती. तिच्यात अन्न व पेयांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. टोपली तीच ठेवायची आणि दर महिन्याला तिची किंमत काढायची, ही त्यामागची रीत. म्हणूनच जुलै २०२३ मध्ये टोमॅटो आणि इतर भाज्या कडाडल्या, तेव्हा हा दर एकदम ७.४४ टक्क्यांवर गेला. टोमॅटो महागला म्हणून घरोघरी चिंच-आमसुलावर भागवले, तरी टोपलीतला टोमॅटो कमी होत नाही. परदेशातून आलेले खाद्यतेलही तिच्यात असते, कारण ते आपण खातो.

दुसऱ्या आकड्यासाठी कोणी बाजारात टोपली घेऊन जात नाही. तो भागाकारातून निघतो. देशांतर्गत उत्पादन चालू किमतींना ९.६ टक्क्यांनी वाढले आणि स्थिर किमतींना ८.२ टक्क्यांनी. १०९.६ ला १०८.२ ने भागले की १.०१३ येतात, म्हणजेच १.३ टक्के. यालाच जीडीपी डिफ्लेटर म्हणतात. यात देशात तयार होणारे सारे काही येते: यंत्रे, पूल, निर्यातीचा माल, सरकारी सेवा. आयात मात्र वजा होते. शिवाय यातले प्रमाण गोठलेले नसते, ज्या वर्षी जे पिकले आणि घडले त्याचेच वजन धरले जाते.

एवढ्या फरकाने दोन आकडे वेगळे येणे स्वाभाविक आहे. पण ५.४ आणि १.३ मधली दरी एवढ्याने भरत नाही. तिचे एक मोठे कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे.

एक तेलगिरणी घ्या. पहिल्या वर्षी तिने १०० रुपयांचे तेल विकले, त्यासाठी ६० रुपयांच्या तेलबिया घेतल्या. मूल्यवर्धन ४० रुपये. दुसऱ्या वर्षी तेल तेवढेच आणि बियाही तेवढ्याच. फक्त तेलाचा भाव ५ टक्क्यांनी आणि बियांचा १० टक्क्यांनी उतरला. आता विक्री ९५, खर्च ५४, मूल्यवर्धन ४१. गिरणीने थेंबभरही जास्त तेल काढलेले नाही, तेव्हा खरी वाढ शून्य.

हे दाखवायचे तर विक्री आणि कच्चा माल दोन्ही आपापल्या किमतींनी जुन्या भावावर आणावे लागतात: ९५ चे १०० आणि ५४ चे ६० होतात, फरक पुन्हा ४०. पण ४१ हा आकडा थेट तेलाच्या भावाने, म्हणजे ०.९५ ने भागला, तर उत्तर येते ४३.१६. कागदावर गिरणी जवळपास ८ टक्क्यांनी वाढली! डिफ्लेटरही फसतो: पहिल्या रीतीने तो अडीच टक्के वाढ दाखवतो, दुसऱ्या रीतीने पाच टक्के घट.

त्या वेळी आपल्याकडे कारखानदारीच्या मोठ्या भागाला ही दुसरी, एकेरी रीत लावली जात होती आणि भाव घेतले जात होते घाऊक किंमत निर्देशांकातून. या निर्देशांकात सेवा नाहीत. धातू, रसायने, इंधन यांचा भार मोठा. २०२३-२४ मध्ये तो सरासरी ०.७ टक्के घसरला होता. कच्चा माल स्वस्त झाला की डिफ्लेटर दबतो आणि त्याच मापात खरी वाढ फुगते. उलट कच्चा माल तयार मालापेक्षा जास्त महागला, तर हीच रीत वाढ कमी दाखवते. दोष एका बाजूला झुकलेला नाही, तो भावांच्या लाटेबरोबर बाजू बदलतो.

शिवाय हा आकडा स्थिरही नसतो. फेब्रुवारी २०२५ च्या सुधारित अंदाजात त्याच वर्षाची वाढ चालू किमतींना १२ टक्के आणि स्थिर किमतींना ९.२ टक्के झाली. म्हणजे डिफ्लेटर २.६ टक्के, आधीच्या दुप्पट. ग्राहक निर्देशांकाचे आकडे असे वर्षभराने फारसे हलत नाहीत. महागाई भत्ता ग्राहक निर्देशांकाच्याच कुळातल्या, औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाला बांधलेला असतो, त्यामागे हेही एक कारण मानता येईल.

तेव्हा निवृत्तिवेतन पुरेल का, हे टोपलीला विचारावे. देशात तयार झालेल्या साऱ्या मालाचे आणि सेवांचे भाव कुठे चालले आहेत, हे डिफ्लेटरला. आणि त्या काळातल्या विकासदराची बातमी वाचताना शेजारी घाऊक निर्देशांक पाहावा. तो ग्राहक निर्देशांकाच्या खूप खाली असेल, तर त्या विकासदरात गिरणीने न काढलेले तेल किती, असा प्रश्न विचारणे रास्त ठरते.