खाज एकाला, औषध सगळ्या घराला

दिवसभर फारसं जाणवत नाही. रात्री पांघरुणात अंग उबदार झालं की बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, जांघेत अशी खाज सुटते की झोप मोडते. उजेडात हात पाहिला तर बेचक्यात बारीक, नागमोडी, करड्या रंगाची रेघ दिसते. लांबी जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर, एका टोकाला कधी बारीक पुळी. ही रेघ म्हणजे खरजेच्या किड्याने कातडीच्या अगदी वरच्या थरात कोरलेलं बीळ.

हा किडा कोळ्याच्या कुळातला, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी बिळात रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि साधारण दोन आठवड्यांत ती स्वतः अंडी घालण्याजोगी होतात. एवढं सगळं अंग खाजतं, पण साधारण रोग्याच्या अंगावर असे किडे असतात दहा-पंधराच. खाज येते ती किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांना शरीराचं वावडं निर्माण झाल्यामुळे. हे वावडं पहिल्या वेळी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस माणसाला काही कळत नाही, पण तो दुसऱ्याला खरूज देऊ शकतो.

घराघरांत काय होतं, ते एका उदाहरणाने पाहू. वसतिगृहात राहणारा सातवीतला मुलगा दिवाळीच्या सुट्टीत खाजवतच घरी येतो. रात्री धाकटी बहीण आणि आजी यांच्या मध्ये झोपतो. आई त्याला दवाखान्यात नेते, मलम मिळतं, तो बरा होऊन परत जातो. घरात दुसऱ्या कुणालाच खाज नाही, म्हणून बाकीचे मलम लावत नाहीत. डिसेंबरात बहीण आणि आजी खाजवायला लागतात. थंडीने कातडी कोरडी पडली असेल, असं म्हणून तेल चोळलं जातं. संक्रांतीला मुलगा पुन्हा घरी येतो आणि या वेळी दोन-तीन दिवसांतच त्याला खाज सुटते, कारण वावडं आता अंगात तयारच आहे. औषध कुचकामी ठरलं, असं घरच्यांना वाटतं. औषध चांगलंच होतं. दिवाळीत ते एकालाच लावलं गेलं, चूक तिथे झाली.

खरूज पसरते ती मुख्यतः कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिल्याने: एका अंथरुणात झोपणं, मूल कडेवर घेणं, शरीरसंबंध. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथे केनेथ मेलनबी यांनी खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या पांघरुणांत स्वयंसेवकांना झोपवून पाहिलं. फारच थोड्यांना लागण झाली. माणसाच्या अंगावेगळा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. म्हणून सगळं घर धुऊन काढत बसू नये. औषध लावलेल्या रात्रीनंतर, मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवावेत. गोधडीसारखं जे धुता येत नाही, ते प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवावं.

नेहमीचं औषध म्हणजे ५ टक्के परमेथ्रिनचं मलम. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावायचं. कोरड्या अंगावर मानेपासून तळपायांपर्यंत, खाजेच्या जागीच नव्हे तर सगळीकडे: नखांखाली, बेचक्यांत, बेंबीत, जांघेत, ढुंगणाच्या फटीतही. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. एक लहान ट्यूब चौघांत पुरवली की उपचार तिथेच फसतो. ते आठ ते चौदा तास अंगावर राहू द्यावं आणि मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावावं. सकाळी आंघोळ. एका आठवड्याने हेच सगळं पुन्हा, कारण काही अंडी वाचलेली असू शकतात. तान्ह्या बाळांना डोकं आणि चेहऱ्यालाही औषध लागतं, तेव्हा बाळ किंवा गरोदर स्त्री घरात असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं. काहींना डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनाप्रमाणे देतात. त्याही दोनदा घ्याव्या लागतात. १५ किलोंखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना सहसा देत नाहीत.

मला सर्वांत जास्त राग येतो तो दुकानातून न विचारता आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमांचा. त्यांनी खाज दबते, पुरळ फिकं पडतं आणि खालचे किडे निवांत वाढतात. पुढे डॉक्टरांनाही खरूज ओळखणं अवघड होतं.

किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, कारण त्यांचे अवशेष कातडीत असतात. तेवढ्यासाठी रोज मलम थापू नये. त्याने कातडी जळजळते आणि नवीच खाज सुरू होते. चार आठवड्यांनंतरही खाज तशीच असेल, किंवा बेचक्यांत नव्या रेघा दिसल्या, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावं. फोडांत पू झाला, ताप आला, किंवा मुलाचा चेहरा सुजून लघवी लालसर झाली, तर त्याच दिवशी. खाजवलेल्या जखमांत शिरलेल्या जंतूंमुळे मूत्रपिंडालाही सूज येऊ शकते. आणि वसतिगृहाला कळवायला हवं, कारण त्या मुलाच्या शेजारच्या खाटांवरच्या मुलांनाही त्याच रात्री औषध लागणार आहे.