केबल आत ओढते तेव्हा

गळ्याचे टाके कसे उचलायचे ते या आठवड्यात सांगणार होते, पण गळा पुढच्या वेळी. नाशिकच्या एका वाचक ताईंचा फोन आला. स्वेटरच्या पुढच्या भागावर चार केबल, प्रत्येकी सहा टाक्यांच्या, दर आठव्या ओळीला पीळ. बॉर्डर मापात बसली, पण वरचा भाग अरुंद झाला. शिवाय डावीकडची एक केबल बारा ओळी खाली भलत्याच बाजूला वळली आहे.

आधी अरुंद होण्याचं. पिळात तीन टाके तीन टाक्यांवर चढतात आणि रुंदी खातात. म्हणून बॉर्डरच्या शेवटच्या, उलट बाजूच्या ओळीत केबलच्या जागी मी दोन टाके वाढवते: चाराचे सहा. चार केबलना आठ टाके झाले. त्यांच्या लोकरीला दहा सेंटिमीटरला बावीस टाके बसतात, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरहून जास्त फरक. वर टाके बंद करतानाही प्रत्येक केबलवर दोनदा दोन-दोन टाके एकत्र विणून बंद करा, नाहीतर खांद्याची कड झालरीसारखी पसरते. पण केबलचा छोटा नमुना विणून मोजल्याशिवाय यावर विसंबू नका. हात घट्ट असेल तर दोन टाकेही कमी पडतात.

आता चुकलेला पीळ. तीन टाके पुढे धरून विणले की वरची लड डावीकडे झुकते, मागे धरले की उजवीकडे. मधल्या रेघेच्या दोन बाजूंच्या केबल एकमेकींच्या उलट वळायच्या असतात, तिथेच हात चुकतो. त्यासाठी बारा ओळी सगळ्या उसवायची गरज नाही. सुलट बाजू समोर धरून केबलपर्यंत या आणि फक्त तिचे सहा टाके सुईवरून सोडा. चुकलेल्या पिळाची ओळ सुटेपर्यंत ते खाली उसवा. मागे बारा आडवे धागे लोंबतील. मोकळे झालेले सहा टाके दोन टोकांच्या छोट्या सुईवर घ्या आणि तीन-तीनची जागा योग्य बाजूने बदला. मग क्रोशाच्या सुईने एकेक टाका वर चढवा. सुई टाक्यात पुढून घालायची आणि मागचा सर्वांत खालचा धागा ओढून घ्यायचा. धाग्यांचा क्रम मात्र चुकवू नका. पहिला धागा पिळाच्या ओळीचा. सहाही टाके आठ-आठ धागे चढले की थांबा, कारण नववा पुढच्या पिळाचा आहे. तिथे टाके पुन्हा सुईवर घेऊन जागा बदला आणि उरलेले चार धागे चढवा.

कडेचे टाके सैल दिसले तर सुईच्या टोकाने जादा लोकर शेजारच्या टाक्यांत सरकवा. उरलीसुरली सुरकुती धुतल्यावर बहुतेक बसते. केसाळ मोहेरला मात्र हा उपाय नको. तिचे धागे एकमेकांत अडकतात आणि ओढले की तुटतात. तिथे सरळ ओळी उसवलेल्या बऱ्या.